फोटोतली वजाबाकी दर वेळी का चुकते: टूज कॉम्प्लिमेंट, हातचा आणि ओव्हरफ्लो

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी सेकंड इयरच्या मुलांना कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन शिकवते. परीक्षा जवळ आली की फोनवर फोटो यायला लागतात. अप्पा बळवंत चौकातून घेतलेल्या जुन्या पुस्तकाचं नाहीतर झेरॉक्सचं पान असतं, तिरकं धरलेलं, शिवणीकडे वळलेलं, आणि खाली एक ओळ: "ताई, उत्तर जुळत नाहीये." दर वर्षी मुलं वेगळी असतात, पण चुका त्याच दोन-तीन. गेल्या आठवड्यात आलेल्या एका फोटोत त्या सगळ्या एकाच पानावर सापडल्या, म्हणून तोच इथे सोडवून दाखवते.

फोटोत चार वजाबाक्या होत्या. पहिल्या दोन अशा छापलेल्या:

```
(1) 1010110 - 101101
(2) 101101 - 1010110
```

पुढच्या दोन पूर्ण आठ अंकी होत्या:

```
(3) 01100100 - 11001110
(4) 10010010 - 01000001
```

खाली सूचना होती की टूज कॉम्प्लिमेंट वापरा आणि ओव्हरफ्लो होतो का ते सांगा. मुलाने लिहिलं होतं: पहिल्याचं उत्तर १०५, ओव्हरफ्लो नाही. तिसऱ्याचं उत्तर १५०, हातचा बाहेर आला नाही म्हणून ओव्हरफ्लो नाही. मागे उत्तरं छापलेली होती, त्यात पहिलं ४१ होतं आणि तिसऱ्यापुढे 'ओव्हरफ्लो'. दोन्ही चुकली, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी पहिलं. त्याने 101101 चे बिट उलटवले, 010010 आले, एक मिळवला, 010011 झालं. इथपर्यंत एकही बेरीज चुकलेली नाही. मग वरची संख्या सात अंकी आहे म्हणून त्याने डावीकडे शून्य लावून लांबी सारखी केली आणि बेरीज मांडली. ८६ आणि १९ मिळून १०५ आले.

चूक शून्यं लावण्यात नाही, ती कधी लावली यात आहे. संख्या आधी पूर्ण लांबीची करायची आणि मग उलटवायची. ४५ आठ बिटांत 0010 1101 असा लिहिला की डावीकडची दोन शून्यंही उलटतात आणि 1101 0010 मिळतं, एक मिळवून 1101 0011. म्हणजे शून्यं आधी लावली असती तर त्यांचे एक झाले असते. कॉम्प्लिमेंट घेतल्यावर लावली तर ती शून्यंच राहतात, आणि जी संख्या ऋण असायला हवी ती धन होऊन बसते.

ही चूक उत्तरावरूनच ओळखता येते. त्याचं उत्तर १०५, बरोबर उत्तर ४१, फरक ६४. त्याने सहा अंकांत कॉम्प्लिमेंट घेतलं होतं आणि दोनचा सहावा घात ६४. सहा अंकांतलं कॉम्प्लिमेंट म्हणजे ६४ वजा ४५, म्हणून ते ६४ उत्तरात तसेच राहून गेले. तुमचं उत्तर ३२, ६४, १२८ अशा एखाद्या दोनच्या घाताने वाढीव येत असेल, तर बेरीज पुन्हा तपासत बसू नका. कॉम्प्लिमेंट किती अंकांत घेतलं ते मोजा.

पण किती बिट घ्यायचे हे त्याला कळणार कसं? फोटोत ते कुठेच नव्हतं. मी त्याला पान सपाट दाबून, वरची ओळ दिसेल असा फोटो परत पाठवायला सांगितलं. दुसऱ्या फोटोत प्रश्नाच्या डोक्यावर 'n = 8' स्पष्ट दिसलं. पहिल्या वेळी तेवढंच कापलं गेलं होतं.

ही बारीक गोष्ट वाटेल, पण नाही. तेच अंक सात बिटांचे धरले तर 1010110 चा पहिला बिट साइन बिट ठरतो आणि ती संख्या ८६ न राहता उणे ४२ होते. मग वजाबाकी होते उणे ४२ वजा ४५, म्हणजे उणे ८७, आणि सात बिटांत उणे ६४ च्या खाली जाता येत नाही, म्हणून ओव्हरफ्लो. आठ बिटांत त्याच छापील अंकांचं उत्तर ४१ येतं आणि ओव्हरफ्लो नाही. बिटांची संख्या ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नसतं. फोटोत ती दिसत नसेल तर त्याच प्रश्नातल्या सर्वांत लांब संख्येकडे पाहा. इथे तिसरी आणि चौथी आठ अंकी आहेत, तेवढ्यावरून अंदाज बांधता आला असता. तरी अंदाजावर पान भरण्यापेक्षा फोटो परत मागवणं बरं.

आता पहिली वजाबाकी नीट मांडू. हातचे वरच्या ओळीत ठेवते. ते लिहायचा कंटाळा करू नका, कारण ओव्हरफ्लोचं उत्तर त्याच ओळीत असतं.

```
1 1010 110      हातचे
  0101 0110      86
+ 1101 0011     -45
-----------
  0010 1001      41
```

हे पाहून त्याने लगेच विचारलं, "ताई, पण आता हातचा बाहेर आला. मग हा ओव्हरफ्लो ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि तो पडणं अगदी साहजिक आहे. शाळेत आपण शिकलो की बेरीज घरात मावली नाही की हातचा पुढच्या घरात जातो. आठ घरांच्या बाहेर हातचा गेला, म्हणजे उत्तर मावलं नाही, असं मनात बसतं. बिनचिन्ही संख्यांच्या साध्या बेरजेत ते खरंही आहे. इथे मात्र आपण साधी बेरीज करत नाही आहोत.

आपण ४५ वजा करायच्या ऐवजी २५६ वजा ४५, म्हणजे २११ मिळवले. ८६ आणि २११ मिळून २९७. आपल्याला हवे होते ४१. मधले २५६ आपणच उसने घातले होते, ते परत काढून टाकायला हवेत. आठ घरांच्या बाहेर पडलेल्या हातच्याची किंमत नेमकी २५६ आहे. तो सोडून दिला की उसने घातलेले २५६ फिटले. म्हणजे इथे हातचा बाहेर येणं ही गडबड नाही, तो यायलाच हवा होता.

दुसऱ्या वजाबाकीत उलटं दिसतं. ४५ मधून ८६ काढायचे. ८६ चं कॉम्प्लिमेंट 1010 1010. बेरीज 1101 0111 येते आणि हातचा बाहेर येत नाही. उत्तर ऋण असल्यामुळे बेरीज २५६ पर्यंत पोहोचलीच नाही. पहिला बिट एक आहे, म्हणून वाचताना परत उलटवून एक मिळवायचा: 0010 1001, म्हणजे ४१, म्हणून उत्तर उणे ४१. बरोबर उत्तर, ओव्हरफ्लो नाही. पहिल्यात हातचा होता, दुसऱ्यात नव्हता, आणि ओव्हरफ्लो दोन्हींत नव्हता. म्हणजे नुसता बाहेरचा हातचा पाहून ओव्हरफ्लोबद्दल काहीच सांगता येत नाही.

मग काय पाहायचं? साइन बिटाच्या घरात आत आलेला हातचा आणि त्या घरातून बाहेर गेलेला हातचा. दोन्ही सारखे असतील तर उत्तर खरं. वेगळे असतील तर ओव्हरफ्लो. वर मांडलेल्या पहिल्या वजाबाकीत हातच्यांच्या ओळीतले डावीकडचे दोन अंक पाहा: बाहेर गेलेला एक, आत आलेला एक. सारखे आहेत.

नियम पाठ करण्यापेक्षा त्या एका घरात काय घडतं ते समजून घ्या, मग तो विसरणार नाही. समजा मिळवायच्या दोन्ही संख्या धन आहेत. साइन बिटाच्या घरात शून्य आणि शून्य. तिथून हातचा बाहेर जाणं शक्यच नाही. आत हातचा आला तर तो तिथेच बसतो आणि उत्तराचं चिन्ह एक होतं. दोन धन मिळून ऋण आलं, हे खोटं आहे. आता दोन्ही ऋण घ्या. त्या घरात एक आणि एक, म्हणजे हातचा बाहेर जाणारच. आत हातचा आला तर घरात एक उरतो आणि चिन्ह ऋण राहतं. नाही आला तर घरात शून्य उरतं, आणि दोन ऋण मिळून धन दिसतं, तेही खोटं. एक धन आणि एक ऋण असेल तर त्या घरात शून्य आणि एक असतात. आत एक आला तर बाहेर एक जातो, आत काही आलं नाही तर बाहेर काही जात नाही, दोन्ही कायम सारखे. आणि विरुद्ध चिन्हांच्या दोन संख्या मिळवल्या तर बेरीज त्या दोघींच्या मध्येच राहते, हद्दीबाहेर जाईल कशी?

आता तिसरी वजाबाकी. पहिली संख्या १००. दुसरी 1100 1110, तिचा पहिला बिट एक आहे म्हणून ती ऋण, किंमत उणे ५०. म्हणजे करायचंय १०० वजा उणे ५०. दुसरीचं कॉम्प्लिमेंट 0011 0010, म्हणजे अधिक ५०.

```
0 1100 000      हातचे
  0110 0100     100
+ 0011 0010     +50
-----------
  1001 0110    -106
```

आत एक आला, बाहेर काही गेलं नाही. वेगळे आहेत, म्हणून ओव्हरफ्लो. मुलाने हे उत्तर १५० वाचलं होतं. गणित म्हणून १५० बरोबरच आहे, आणि तिथेच तो फसला. आठ बिटांत चिन्हासकट उणे १२८ पासून १२७ पर्यंतच संख्या लिहिता येतात. 1001 0110 हे चिन्ह धरून वाचलं तर उणे १०६ होतं. त्याने प्रश्न वाचताना दुसरी संख्या चिन्ह धरून उणे ५० घेतली आणि उत्तर वाचताना चिन्ह सोडून दिलं. प्रश्न आणि उत्तर एकाच पद्धतीने वाचलं की १५० तिथे दिसणारच नाही, आणि १०० वजा उणे ५० बरोबर उणे १०६ कसं, हा प्रश्न आपोआप पडतो.

चौथी मी त्याच्याकडूनच सोडवून घेतली. उणे ११० वजा ६५.

```
1 0111 110      हातचे
  1001 0010    -110
+ 1011 1111     -65
-----------
  0101 0001      81
```

आत शून्य, बाहेर एक. ओव्हरफ्लो. खरं उत्तर उणे १७५, ते उणे १२८ च्या खाली आहे. इथे जुन्या समजुतीनेही 'ओव्हरफ्लो' हेच उत्तर आलं असतं, कारण हातचा बाहेर आलाच आहे. ती समजूत इतकी वर्षं टिकते ती अशा प्रश्नांमुळे. मधूनमधून ती बरोबर उत्तर देते.

कागदावर पडताळा घ्यायला मी मुलांना हातच्यांशिवायचा एक नियमही देते. मूळ वजाबाकीत दोन्ही संख्यांची चिन्हं सारखी असतील तर ओव्हरफ्लो होतच नाही. वेगळी असतील तर उत्तराचं चिन्ह पहिल्या संख्येसारखं यायला हवं, नाही आलं तर ओव्हरफ्लो. मूळ संख्यांची चिन्हं पाहायची, कॉम्प्लिमेंट घेतल्यानंतरची नाहीत, हे मी दोनदा सांगते. कारण एका संख्येपाशी त्याने फरक पडतो.

ती संख्या उणे १२८. 1000 0000 उलटवा, 0111 1111 होतं, एक मिळवा, पुन्हा 1000 0000. तिचं कॉम्प्लिमेंट तीच. साहजिकच आहे, आठ बिटांत अधिक १२८ ला जागाच नाही. आता उणे ५ वजा उणे १२८ करून पाहा. खरं उत्तर १२३, हद्दीत बसतं. आपल्या नेहमीच्या पद्धतीने, आधी कॉम्प्लिमेंट आणि मग बेरीज:

```
1 0000 000      हातचे
  1111 1011      -5
+ 1000 0000
-----------
  0111 1011     123
```

उत्तर बरोबर आलं, पण आत शून्य आणि बाहेर एक, म्हणजे हातच्यांचा नियम ओव्हरफ्लो सांगतोय. नियम खोटा ठरला का? नाही. आपण एक मिळवण्याचं काम वेगळ्या ओळीत आधीच उरकलं, आणि साइन बिटाच्या घरात शिरणारा एक हातचा तिथेच खर्च झाला. सर्किट असं करत नाही. ॲडरला दुसरी संख्या नुसती उलटवून मिळते आणि तो एक सर्वांत उजव्या घरात सुरुवातीचा हातचा म्हणून दिला जातो, सगळं एकाच बेरजेत. तसं मांडलं की हे दिसतं:

```
1 1111 1111     हातचे
  1111 1011      -5
+ 0111 1111     उलटवलेले बिट
-----------
  0111 1011     123
```

आत एक, बाहेर एक. ओव्हरफ्लो नाही, आणि तेच खरं आहे. वजा करायची संख्या उणे १२८ असेल तेव्हा हातचे अशा एकाच बेरजेतले मोजा, किंवा सरळ मूळ चिन्हांचा नियम लावा. उणे ५ आणि उणे १२८ दोन्ही ऋण, चिन्हं सारखी, म्हणून ओव्हरफ्लो नाही, संपलं. बाकी सगळ्या संख्यांना ओव्हरफ्लोसाठी दोन्ही मांडण्या एकच उत्तर देतात.

ज्यांना उत्तरं पटकन पडताळायची आहेत त्यांनी हे पायथनमध्ये चालवावं. इथे तिसरी वजाबाकी घातली आहे.

```
a, b, n = 0b01100100, 0b11001110, 8
m = (1 << n) - 1
r = (a + (~b & m) + 1) & m
v = ((a ^ b) & (a ^ r)) >> (n - 1) & 1
print(format(r, "08b"), v)
```

`10010110 1` असं छापून येतं. शेवटचा एक म्हणजे ओव्हरफ्लो. `v` ची ओळ मूळ चिन्हांचाच नियम आहे: दोन संख्यांची चिन्हं वेगळी, आणि उत्तराचं चिन्ह पहिल्यापेक्षा वेगळं. `m` ने छाटणं विसरू नका, कारण पायथनमध्ये पूर्णांकाला बिटांची मर्यादा नसते आणि तो हातचा कधीच बाहेर पडत नाही. `n` बदललात तर छापायच्या ओळीतला `08b` ही बदला.

एक गोंधळ प्रॅक्टिकलच्या वेळी हमखास होतो, तोही सांगते. हेच गणित 8086 वर डॉसबॉक्समधल्या डीबगमध्ये करून पाहिलं तर कॅरीचा फ्लॅग कागदाशी जुळत नाही.

```
mov al,64
sub al,ce
```

डीबग आकडे हेक्समध्ये घेतो, म्हणून १०० च्या जागी 64 आणि उणे ५० च्या जागी CE. उत्तर 96 येतं, आणि फ्लॅगांत `OV`, `NG` आणि `CY` दिसतात. कागदावर हातचा शून्य होता आणि इथे `CY`, म्हणजे कॅरी एक. कागद चुकलेला नाही. 8086 मध्ये वजाबाकीनंतर कॅरी फ्लॅग उसना दाखवतो, म्हणजे ॲडरमधून आलेला हातचा उलटवून ठेवतो. चिन्ह सोडून वाचलं तर १०० मधून २०६ जात नाहीत, उसना घ्यावा लागला, म्हणून `CY`. एआरएममध्ये हा हातचा न उलटवता तसाच ठेवतात, तिथे याच वजाबाकीनंतर कॅरी शून्य दिसेल. बिटांची संख्या तीच असेल तर ओव्हरफ्लोचा फ्लॅग मात्र दोन्हीकडे एकच असतो. पहिली वजाबाकी डीबगमध्ये केली तर `NV` आणि `NC` दिसेल, कागदावर हातचा एक असूनही.